मागच्या अंगणातली चूल

यशोदाबाईंनी शपथ घेताना शब्द नीट निवडून घेतले होते आणि त्याचा त्यांना बरेच दिवस अभिमान वाटत होता.

झालं होतं असं. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगा महेश पुण्याहून नाशिकला आला, तर आई चुलीपुढे घामाघूम. मातीचं खापर उपडं घालून तापवलेलं आणि त्यावर पुरणाचे मांडे भाजणं चाललेलं. तेही घरच्यांसाठी नाही, गंगापूर रोडवरच्या कुठल्या कुठल्या बायकांच्या ऑर्डरचे. महेश त्या दिवशी जेवलाच नाही. "लोक काय म्हणतील, पोरगा आईला सांभाळत नाही?" म्हणताना त्याचे डोळे भरून आले. मग त्याने आईचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. पुन्हा हे करायचं नाही."

पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ही गंमत नव्हे. ती मोडली तर मोडणाऱ्याला काही होत नाही, पोराला होतं. पण यशोदाबाई मूळच्या नामपूरच्या, कांद्याच्या बाजारात वाढलेल्या. बोलणी करताना शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. "तुझी शपथ महेश, माझ्या घरात पुन्हा खापर चढणार नाय," त्या म्हणाल्या. महेशचं समाधान झालं. इंजिनिअर माणूस, शब्द कोण तपासतो.

यशोदाबाईंच्या मते पुढचं सगळं सरळ होतं. त्यांचं घर म्हणजे बंगल्याचा पुढचा भाग. मागचा ब्लॉक संजनाला भाड्याने दिलेला, म्हणजे ते संजनाचं घर. संजनाच्या अंगणात चूल मांडली तर शपथ कुठे मोडली? देवालाही एवढा कायदा कळत असणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि खापर उचलून मागे नेलं.

संजना अहिरे एका शाळेत लेखनिक होती. नवरा संघर्ष नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टची गाडी चालवायचा, निम्मा आठवडा बाहेर. लग्न करून ती आली ती याच ब्लॉकमध्ये. मुलगी पूजा इथेच झाली, इथूनच पायी शाळेत जायला लागली. भाड्याच्या पावत्या मिळायच्या, पण करार कधी लिहिला नव्हता. यशोदाबाईंचे यजमान म्हणायचे, घरच्या माणसांत कसला करार.

चुलीचं विचारल्यावर संजना हसली होती. "म्हणजे मावशी, धूर माझ्या डोळ्यात आणि नाव तुमचं?"

"नाव तुझं सांगू का?"

"नको बाई. माझे मांडे फाटतात."

खरंच फाटायचे. यशोदाबाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर असा फिरवायच्या, की तो बघता बघता कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर जाऊन पडायचा. संजनाच्या हातावर त्याला भोक पडायचं. मग दोघी हसायच्या. पैशाचं म्हणाल तर यशोदाबाईंना त्याची गरज नव्हती, महेश भरपूर पाठवायचा. पण "मांडे हवेत तर यशोदामावशींचेच" असं कुणी दारात येऊन म्हटलं की त्यांना आपण अजून आहोत असं वाटायचं. नुसतं टीव्हीपुढे बसून गोळ्या खाताना ते वाटत नसे. मागच्या ब्लॉकचं दार ढकलून त्या केव्हाही आत जायच्या. संजनाच्या डब्यातला गूळ संपला की त्यांना संजनाच्या आधी कळायचं.

मग महेशने गेटवर कॅमेरा बसवला. आईच्या काळजीपोटीच. पुण्यात बसून तो फोनवर गेट बघायचा, आणि आखाजी जवळ आली तशा त्याला डबे घेऊन बंगल्याशेजारच्या बोळातून मागे जाणाऱ्या बायका दिसायला लागल्या.

"आई," त्याने फोनवर विचारलं, "मागे काय चाललंय? संजनाने खानावळ टाकलीय का?"

हीच वेळ होती. सगळं सांगून टाकायला एवढा चांगला मुहूर्त पुन्हा मिळाला नसता. यशोदाबाईंच्या हाताला तेव्हा पुरणाचा वास होता.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "तिचं तिला माहीत."

बस, एवढंच. पण एवढ्यावर महेश पेटला. आईच्या साधेपणाचा लोक फायदा घेतात, असं त्याचं पूर्वीपासून ठाम मत होतं. त्याची कॉलेजची मैत्रीण हर्षाली नाशिकलाच वकिली करायची. तिला त्याने फोन लावला. थोड्याच दिवसांत तिच्या ऑफिसातला माणूस नोटिशीची प्रत घेऊन यशोदाबाईंच्या सहीसाठी आला. "नुसती समज द्यायचीय," महेशने आधी सांगून ठेवलं होतं. यशोदाबाईंनी चष्मा लावला नाही. मुद्दामच लावला नाही, हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही 'रिकामी' हा शब्द ठळक दिसला. त्यांनी सही केली आणि त्या माणसाला सरबत दिलं.

नोटीस पोचपावतीच्या टपालाने आली. पोस्टमन बोळातून मागे गेला आणि त्या दिवशी घरी असलेल्या संघर्षने सही करून पाकीट घेतलं, तेव्हा यशोदाबाई पुढच्या व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. नोटीस म्हणत होती, की संजना अहिरे यांनी राहत्या जागेत विनापरवाना व्यवसाय सुरू केला आहे, चुलीच्या धुराने शेजाऱ्यांना उपद्रव होतो, परक्या लोकांची वर्दळ असते. सबब तीस दिवसांच्या आत जागा रिकामी करून ताबा द्यावा.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर संजना पुढच्या दाराने आली. ती कधीच पुढच्या दाराने येत नसे. हातात पाकीट होतं.

"मावशी, हे तुमच्या नावाने आलंय. तुम्हाला माहीत आहे?"

"महेशचं काहीतरी चाललंय," यशोदाबाई तांदळाकडे बघत म्हणाल्या. "मी बोलते त्याच्याशी. तू नको घोर लावून घेऊ."

संजना थोडा वेळ उभी राहिली. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं, हे एखाद्या दगडालाही कळलं असतं. मग ती "बरं" म्हणाली आणि गेली.

यशोदाबाई महेशशी बोलल्या नाहीत. रोज बोलायचं ठरवायच्या. फोन यायचा, तो औषधं घेतलीस का विचारायचा, त्या घेतली म्हणायच्या आणि फोन संपायचा. काय सांगायचं? की तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्षानुवर्षं तुला फसवलं? मनात यायचं, की एकदा नोटिशीवर गप्प बसलं की महेशही विसरेल, वकीलही विसरेल. लाज वाटायची तेव्हा त्या स्वतःलाच म्हणायच्या, संजना तरुण आहे, तिला दुसरीकडे जागा मिळेल. आणि लगेच पूजा आठवायची, शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन "आजी, येते" म्हणून जाणारी. मग तांदूळही निवडवत नसे.

ऑर्डर देणाऱ्या बायकांना त्यांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. मागची चूल थंड राहिली. संजनाने ती झाडून, राख काढून स्वच्छ ठेवली होती. खापर भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यावर फडकं झाकलेलं. ते फडकं बघून यशोदाबाईंना जेवण गेलं नाही.

मग संजनाचं उत्तर आलं. मूळ पत्र वकिलांना आणि एक प्रत यशोदाबाईंना. ती प्रत संजनाने स्वतः आणून दिली, पोच म्हणून दुसऱ्या कागदावर सही घेतली. "कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे ना, तिथे विचारून आले," ती म्हणाली. "बायकांना तिथे सल्ला फुकट मिळतो. वाचा सावकाश."

यशोदाबाईंनी या वेळी चष्मा लावला.

"आपल्या अशिलाच्या वतीने पाठवलेली नोटीस मिळाली. त्यातील आरोप मला मान्य नाहीत. नोटिशीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम सोळाचा उल्लेख आहे. त्या कलमात जागा परत मागण्याची अनेक कारणे दिलेली आहेत. त्यांपैकी नेमके कोणते कारण मला लागू होते व त्याला आधार काय, हे कृपया लेखी कळवावे. मी कोणता व्यवसाय करते असे आपल्या अशिलाचे म्हणणे आहे, तेही कळवावे. भाडे मी वेळच्या वेळी देत आले आहे व यापुढेही देत राहीन. न्यायालयाचा तसा हुकूम झाल्याशिवाय जागा सोडण्यास मी बांधील नाही. जागेची पाहणी करायची असल्यास आगाऊ कळवून अवश्य यावे. यशोदाबाईंचे व आमचे संबंध आजवर घरच्यासारखे राहिले आहेत. म्हणून पत्रापत्री वाढवण्याऐवजी एकदा समोरासमोर बसून बोलावे, अशी विनंती आहे. आपण बोलवाल तेव्हा आपल्या कार्यालयात येईन. हे उत्तर माझे सर्व हक्क राखून देत आहे."

यशोदाबाईंनी पत्र पुन्हा वाचलं. त्या त्यात चूल शोधत होत्या. चूल कोणाची, खापर कोणाचं, मांडे कोणाचे, यातलं एक अक्षर नव्हतं. एका ओळीत संजना सुटली असती. ती ओळ तिने लिहिली नव्हती. लिहायची राहिली असेल असंही नाही, कारण बाकी काहीच राहिलं नव्हतं. तिने अंगणात उभं राहून चार शिव्या हासडल्या असत्या तर यशोदाबाई उलट भांडल्या असत्या आणि दोघींची मनं मोकळी झाली असती. या 'कृपया' आणि 'विनंती'शी भांडायचं कसं? त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की पत्र देवघरात ठेवावं की गादीखाली, हे कळेना.

हर्षालीने भेट ठरवली. शनिवारी दुपारी, तिच्याच ऑफिसात. महेश पुण्याहून आला. संजना अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, एकटीच. संघर्षची गाडी बाहेरगावी होती. टेबलाच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला मायलेक. यशोदाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा संजनाच्या समोर बसावं लागत होतं. एरवी दोघी चुलीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसायच्या.

"बोल ना हर्षाली," महेश म्हणाला. "कुठलं कारण विचारतायत, सांगून टाक."

हर्षालीने चष्मा काढला. मैत्री असली तरी ती वकील चांगली होती. "महेश, तूच ऐक आधी. करार लिहिलेला नाही. तो लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. करार नसला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडं थकलेलं नाही. राहिलं काय, तर व्यवसाय आणि धुराचा उपद्रव. त्यासाठी पुरावा लागेल."

"कॅमेऱ्यात आहे की."

"कॅमेऱ्यात बायका दिसतात. व्यवसाय दिसत नाही." ती संजनाकडे वळली. "ताई, तुम्ही आलात हे बरं केलंत. मागच्या अंगणातली चूल कोणाची आहे?"

संजनाने यशोदाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. यशोदाबाईंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"चूल माझ्या अंगणात आहे," संजना म्हणाली. "एवढं मी सांगते, मॅडम. व्यवसाय मी करत नाही. बाकीचं ज्यांच्या नावाने नोटीस आहे, त्यांनी सांगावं."

"बघ, कबूल केलं!" महेश पुढे सरकला. "चूल तिचीच आहे. टाक दावा."

"टाकते," हर्षाली शांतपणे म्हणाली. "पण जागा तुझ्या नावावर नाही, आईंच्या आहे. दाव्यातला मजकूर खरा आहे असं त्यांना शपथेवर लिहून द्यावं लागेल. मग पिंजऱ्यात उभं राहून पुन्हा शपथ, आणि समोरचा वकील उलट विचारणार. काकू, तुम्ही सांगाल ना शपथेवर, की संजनाताई तिथे धंदा करतात?"

शपथ म्हटल्यावर यशोदाबाईंचा हात मांडीवरच आखडला. हा हात एकदा पोराच्या डोक्यावर ठेवून शपथ घेतली होती, शब्द निवडून. माझ्या घरात नाय. आणि आता टेबलावरच्या नोटिशीत, त्यांच्याच सहीच्या प्रतीवर लिहिलं होतं: 'माझ्या मालकीच्या घरातील मागील ब्लॉक'. मांड्यांच्या वेळी ते घर संजनाचं होतं. तिला काढायच्या वेळी ते आपलं झालं. दोन्हीकडून त्या खोट्याच होत्या. देवाला कायदा कळो न कळो, समोरच्या पोरीला तो पहिल्यापासून कळत होता आणि तरी ती गप्प बसली होती.

"ते खापर मन्हं शे!" त्या एकदम ओरडल्या. माहेरची बोली अशी तोंडातून सुटली, की हर्षाली दचकली. "माझं आहे खापर. चूल मी मांडली. मांडे मी करते. बायका माझ्याकडे येतात, तिच्याकडे नाय. तिने नुसती जागा दिली मला. तिच्या घरात."

महेशचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला. तो काही असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नव्हता, तरी गेला. यशोदाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना हुंदका आवरेना.

"तू मला विचारायचं होतंस, आई," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

महेशने टेबलावरचं संजनाचं पत्र पुढे ओढलं. मग संजनाकडे न बघताच म्हणाला, "ताई, चुकलं माझं."

"तुमचं नाही चुकलं," संजना म्हणाली. बस, एवढंच म्हणाली. कोणाचं चुकलं ते सांगायची तिला गरज वाटली नाही.

हर्षालीने नोट्सची वही ओढली. "नोटीस मागे घेतल्याचं पत्र मी सोमवारी पाठवते. ताई, तुमचं आणखी काही?"

"भाडेकरार लिहून नोंदवून घ्या. आता तोंडी नको." संजनाने पर्स उचलली. उठता उठता ती यशोदाबाईंच्या खुर्चीपाशी थांबली. आवाज तसाच होता, पत्रासारखा. "आणि मावशी, खापर तुमच्याकडे घेऊन जा. माझ्या अंगणात आता नको."

यशोदाबाईंनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं, की खरं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. फक्त त्याचं वजन कळलं.

आखाजीच्या सकाळी चूल पुढच्या अंगणात पेटली, गेटवरच्या कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. खापर महेशने स्वतः बोळातून उचलून आणलं होतं, पुण्याला परत जायच्या आधी. शपथेबद्दल तो एवढंच म्हणाला, "ती मी सोडली. आता कर जे करायचं ते." यशोदाबाईंनी पहिला मांडा हातावर घेतला. तो पसरला, कोपरापर्यंत गेला, खापरावर पडला. कुणी शेजारी हसायला नव्हतं.

तो पहिला मांडा ताटात घडी घालून, वर तूप सोडून त्या बोळातून मागे गेल्या. सवयीने हात दार ढकलायला पुढे झाला आणि तसाच थांबला. पत्रातली ओळ आठवली. आगाऊ कळवून अवश्य यावे. इतक्या वर्षांत त्यांनी या दाराला कधी कडी वाजवली नव्हती. कडी कुठे आहे, हेही त्यांना बघावं लागलं.

"कोण?" आतून संजनाने विचारलं.

"मी. यशोदा." त्यांनी ताट दोन्ही हातांत धरलं. "येऊ का?"

दार उघडलं. संजनाने ताटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट हातात घेतलं. आत या, असं ती म्हणाली नाही. आत जाऊन तिने मांडा दुसऱ्या ताटलीत काढला, ताट धुतलं, पुसलं आणि परत आणून दिलं. ते रिकामं नव्हतं. त्यात चमचाभर साखर होती, सणासुदीला कुणाचंही ताट परत देताना घालतात तेवढीच.

"पूजाला आवडेल," ती म्हणाली, आणि दार लागलं.

यशोदाबाई ताट धरून तिथेच उभ्या राहिल्या. पुढे चुलीवर खापर तापत होतं, ऑर्डरच्या बायका यायच्या होत्या. त्यांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि डोळे पुसत पुढच्या अंगणात परत गेल्या.